ॲपने ‘पासकी तयार करा’ असे विचारले तर: होकार देण्यापूर्वीची तयारी आणि पुढचे टप्पे

एखाद्या ॲपमध्ये लॉग-इन झाल्यावर लगेच एक चौकट उघडते, त्यात Create a passkey असे लिहिलेले असते आणि खाली Continue व Not now अशी दोन बटणे असतात. या ठिकाणी बहुतेकांकडून दोनपैकी एक चूक होते. काही जण आपल्या बोटाचा ठसा कंपनीकडे जाईल या भीतीने दरवेळी नकार देतात, तर काही जण काहीही न वाचता Continue दाबतात आणि घरात चार जणांच्या हाती असणाऱ्या फोनवर आपल्या खात्याची किल्ली ठेवून मोकळे होतात. खरे तर होकार देण्यापूर्वी दोनच गोष्टी नक्की करायच्या असतात: ही पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी ठशाने किंवा पिनने खाते उघडून देणारी डिजिटल किल्ली, कुठे साठवली जाणार आहे आणि ती जागा कोणाकोणाला उघडता येते. पुढचे सगळे टप्पे याच दोन प्रश्नांभोवती आहेत. उदाहरण म्हणून अँड्रॉइड फोनवरचे गूगल खाते घेतले आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची पासकीशी पहिली गाठ तिथेच पडते.

## पासवर्ड आणि पासकी यांत नेमका फरक काय

पासवर्ड हे आपल्याला आणि कंपनीला मिळून माहीत असलेले गुपित असते. आपण ते टाइप करतो आणि कंपनीचा सर्व्हर ते स्वतःकडच्या नोंदीशी ताडून पाहतो. त्यामुळे ते गुपित ज्याच्या हाती लागेल, त्याला ते कुठूनही वापरता येते, मग त्याने ते आपल्या खांद्यावरून वाचलेले असो किंवा खोट्या पानावर आपल्याकडून लिहून घेतलेले असो.

पासकीमध्ये असे सामायिक गुपित नसतेच. पासकी तयार होताना फोन एकमेकांशी जुळणाऱ्या दोन किल्ल्या बनवतो. खाजगी किल्ली आपल्याकडेच, म्हणजे पासवर्ड आणि पासकी जपून ठेवणाऱ्या फोनच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये राहते आणि सार्वजनिक किल्ली कंपनीकडे जाते. पुढे लॉग-इनच्या वेळी कंपनीचा सर्व्हर दरवेळी एक नवा, यादृच्छिक आकडा पाठवतो, आपला फोन खाजगी किल्लीने त्यावर डिजिटल सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीच्या आधारे ती सही तपासतो. बँकेत खाते उघडताना आपण नमुना सही देतो आणि बँक तिच्याशी धनादेशावरची सही ताडून पाहते, तसाच हा प्रकार आहे. मात्र इथे नमुना हाती लागला तरी त्यावरून सही गिरवता येत नाही. म्हणूनच कंपनीकडची माहिती फुटली, तरी चोराच्या हाती आपले खाते उघडण्याजोगे काही पडत नाही.

दुसरा फरक रोजच्या वापरात अधिक मोलाचा आहे. पासकी ज्या संकेतस्थळासाठी तयार झाली, त्याच पत्त्याशी ती बांधलेली असते. google.com साठी केलेली पासकी g00gle अशा शून्य घातलेल्या पत्त्यावर चालत नाही, कारण पत्ता ताडून पाहण्याचे काम ब्राउझर आणि फोन करतात आणि त्यांची नजर आपल्यासारखी फसत नाही. अशा खोट्या पानावर पासकी पुढे येतच नाही. नेहमीच्या खात्यात जाताना अचानक पासकीऐवजी पासवर्ड आणि ओटीपी मागितला गेला, तर आधी वरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचून पाहावा.

बोटाच्या ठशाबद्दल बोलायचे तर तो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचे काम खाजगी किल्ली वापरण्याची परवानगी देण्यापुरतेच असते. मात्र हीच परवानगी स्क्रीन लॉकच्या पिनने किंवा पॅटर्ननेही देता येते, आणि खरी जोखीम तिथे आहे: ज्याला आपल्या फोनचा पिन माहीत आहे आणि ज्याच्या हाती आपला फोन आहे, त्याला त्या पासकीने आपले खातेही उघडता येते.

> लक्षात ठेवा: पासकी केल्याने गूगल खात्याचा पासवर्ड रद्द होत नाही. तो दुसरा दरवाजा म्हणून तसाच राहतो. पासवर्ड कमकुवत असेल किंवा दुसऱ्या ठिकाणीही तोच वापरला असेल, तर तो याच वेळी बदलावा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखा आणखी एक पुरावा मागण्याची सोय, बंद करू नये.

## टप्पा १: फोनची आणि खात्याची तयारी

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी इथे उरकलेल्या घाईतून निघतात.

1. फोन आपल्या एकट्याच्या वापरातला आहे ना, हे आधी ठरवावे. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढील आवृत्ती, अथवा आयफोनवर आयओएस १६ किंवा त्यापुढील आवृत्ती असावी लागते. स्क्रीन लॉक लावलेला नसेल, तर पासकी तयार होत नाही.

2. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या विभागात जाऊन नोंदवलेल्या ठशांची यादी पाहावी. Fingerprint 1, Fingerprint 2 अशी नावे असतात आणि कोणते बोट कोणाचे हे त्यावरून कळत नाही. गेम खेळता यावा म्हणून मुलाचे बोट किंवा अडीअडचणीला असावे म्हणून भावाचे बोट पूर्वी कधीतरी नोंदवलेले असते आणि नंतर ते विसरले जाते. शंका असेल तर सगळे ठसे काढून टाकून आपलेच पुन्हा नोंदवावेत.

3. पिन घरात सर्वांना माहीत असेल किंवा तो जन्मवर्ष अथवा १२३४ असा असेल, तर बदलून किमान सहा अंकी करावा. नवा पिन पाठ करावा. बोटाने फोन उघडण्याची सवय झाली की पिन विस्मरणात जातो, आणि नवा फोन घेतल्यावर नेमका तोच विचारला जातो.

4. गूगल खात्याच्या Security विभागात पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तपासावा. बंद पडलेले सिम किंवा जुन्या नोकरीतला ई-मेल तिथे राहिलेला असतो आणि गरज पडेपर्यंत तो कोणाच्या लक्षात येत नाही.

5. द्विस्तरीय पडताळणी चालू असेल, तर तिथूनच Backup codes काढून घ्यावेत. आठ अंकी दहा कोड मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. त्याच फोनच्या गॅलरीत त्यांचा स्क्रीनशॉट ठेवला आणि फोन हरवला, तर कोडही हरवतात.

आई-वडिलांच्या फोनवर पासकी करून देणार असाल, तर फोन त्यांच्याच नावाचा, खाते त्यांचेच आणि ठसाही त्यांचाच असला पाहिजे. वयामुळे किंवा शेतातल्या, बांधकामाच्या कामामुळे बोटांचे ठसे पुसट झालेले असले, तर फोन ते नेहमी ओळखत नाही. अशा वेळी त्यांना पिननेही परवानगी देता येते हे प्रत्यक्ष करून दाखवावे.

> तपासणी: स्क्रीन लॉकचा पिन न पाहता टाकता येतो, पुनर्प्राप्तीचा क्रमांक चालू आहे आणि ठशांच्या यादीत परके बोट नाही. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा २: पासकी कुठे साठवली जाईल ते ठरवणे

पासकीची विचारणा ॲप करते, पण ती साठवण्याचे काम ॲप करत नाही. ते फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरचे काम असते. अँड्रॉइडवर सहसा Google Password Manager असतो, सॅमसंगच्या फोनवर Samsung Pass हाही पर्याय पुढे येतो, आयफोनवर iCloud Keychain असते आणि विंडोजच्या संगणकावर Windows Hello. शिवाय कोणी Bitwarden किंवा 1Password वापरत असेल, तर तेही पुढे येते.

हा निवडीचा पडदा बहुतेकजण न वाचता पुढे ढकलतात आणि त्याची किंमत फोन बदलताना मोजावी लागते. समजा, सॅमसंगच्या फोनवर पासकी Samsung Pass मध्ये गेली आणि पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा घेतला. नव्या फोनवर गूगल खाते जोडले, संपर्क आणि फोटो आले, परंतु ती पासकी आली नाही, कारण ती सॅमसंगच्या खात्याखाली होती. आयफोनवरून अँड्रॉइडकडे येतानाही हेच घडते, कारण iCloud Keychain मधली पासकी तिकडे आपोआप पोहोचत नाही. Windows Hello मध्ये ठेवलेली पासकी तर त्या एका संगणकापुरतीच असू शकते. तो संगणक बिघडला की ती गेली असे समजावे.

त्यामुळे एकच जागा ठरवावी आणि शक्यतो सगळ्या पासकी तिथेच ठेवाव्यात. सर्व उपकरणे अँड्रॉइड असतील किंवा संगणकावर क्रोम वापरत असाल, तर Google Password Manager सोयीचा पडतो. घरात सगळे ॲपलचे असेल, तर iCloud Keychain ठीक आहे. अँड्रॉइड १४ पासून ही निवड सेटिंग्जमध्ये पासवर्ड, पासकी आणि खाती अशा नावाच्या विभागात कायमची करून ठेवता येते. विभागाचे नेमके नाव कंपनीनुसार बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत passkey असे टाइप करणे सोपे जाते.

## टप्पा ३: पासकी तयार करणे

ॲपने विचारले त्याच क्षणी होकार देण्याची गरज नाही. तेव्हा Not now म्हणावे, तयारी पूर्ण करावी आणि मग सवडीने स्वतः सेटिंग्जमधून पासकी करावी. आलेल्या ई-मेलमधल्या किंवा संदेशातल्या लिंकवरून हे काम करू नये.

1. फोनच्या ब्राउझरमध्ये पुढील पत्ता स्वतः टाइप करावा आणि विचारल्यास पासवर्डने ओळख पटवावी.

```
myaccount.google.com/signinoptions/passkeys
```

2. आधी तिथली यादी वाचावी. अनेक अँड्रॉइड फोनवर खाते जोडतानाच एक पासकी आपोआप तयार झालेली असते आणि ती यादीत फोनच्या नावाने दिसते. आपल्याच फोनचे नाव असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. विकलेल्या फोनचे नाव दिसले, तर त्याची दखल टप्पा ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे घ्यावी.

3. Create a passkey दाबावे. पडद्याच्या खालच्या बाजूने एक चौकट वर येते. तिच्यात दोन गोष्टी वाचायच्या असतात: खात्याचा ई-मेल आणि साठवणीच्या जागेचे नाव. एकाच फोनवर दोन-तीन गूगल खाती असतील, तर चुकीच्या खात्याची पासकी करून बसणे फार सोपे आहे. जागा ठरल्याप्रमाणे नसेल, तर दुसरा पर्याय निवडण्याची सोय त्याच चौकटीत असते.

4. Continue दाबून ठसा किंवा पिन द्यावा. यादीत नवी नोंद आली, म्हणजे काम झाले. कोणत्या फोनची पासकी आहे हे कळेल असे नाव तिला द्यावे.

> इशारा: या संपूर्ण प्रक्रियेत कोणालाही फोनवरून काही सांगावे लागत नाही. ‘तुमच्या पासकीची मुदत संपली आहे, आलेला कोड सांगा’ असे म्हणणारा माणूस आपली पासकी चोरू शकत नाही, म्हणूनच तो पासवर्ड आणि ओटीपीच्या जुन्या दरवाजाने आत शिरू पाहत असतो.

## टप्पा ४: लॅपटॉपवर चाचणी घेणे

पासकी चालते की नाही हे गरज पडण्याआधी पाहावे. त्यासाठी फोनवरून लॉग-आउट होऊ नये. फोनवरचे खाते तसेच चालू ठेवून आपल्या विंडोज लॅपटॉपवर क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडावी आणि तिथे प्रयोग करावा. काही बिघडले तरी खाते हातात राहते.

1. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे इंटरनेट आणि ब्लूटूथ चालू करावे. दोघांची ब्लूटूथ जोडणी, म्हणजे पेअरिंग, करायची नसते. दोन्ही उपकरणे खरोखर जवळ आहेत एवढेच ब्लूटूथमुळे तपासले जाते. इथे अनेक जण पेअरिंग करत बसतात आणि ते जमले नाही म्हणून पासकीलाच दोष देतात.

2. लॅपटॉपवर ई-मेल टाकावा. पासवर्ड मागितला गेल्यास Try another way दाबून पासकीचा पर्याय निवडावा.

3. पासकी कुठे आहे असे विचारले गेल्यास फोनचा किंवा दुसऱ्या उपकरणाचा पर्याय घ्यावा. पडद्यावर क्यूआर कोड येतो.

4. फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करून पासकी वापरण्याचा पर्याय दाबावा आणि फोनवरच ठसा द्यावा. काही क्षणांत लॅपटॉपवर खाते उघडते. ओटीपी सहसा मागितला जात नाही, कारण फोन आपल्या हाती असणे आणि त्याचा लॉक आपल्याला उघडता येणे या दोन्ही गोष्टी पासकीतूनच सिद्ध झालेल्या असतात.

क्यूआर कोड स्कॅन होऊनही पुढे काही घडले नाही, तर पहिला संशय ब्लूटूथवर घ्यावा. ते लॅपटॉपमध्ये नसेल किंवा कार्यालयाने बंद केलेले असेल, तर हा मार्ग तिथे चालत नाही. क्यूआर कोड आलाच नाही आणि थेट विंडोजचा पिन मागितला गेला, तर संगणक स्वतःच्याच साठ्यात पासकी शोधत आहे असे समजावे आणि मागे जाऊन दुसऱ्या उपकरणाचा पर्याय निवडावा.

> इशारा: हा क्यूआर कोड ज्या संगणकावर दिसतो, त्या संगणकावर आपले खाते उघडते. म्हणून फक्त आपल्या समोरच्या, आपण स्वतः लॉग-इन सुरू केलेल्या पडद्यावरचाच कोड स्कॅन करावा. कोणी पाठवलेला किंवा शेजारच्या माणसाने पुढे केलेला कोड कधीही स्कॅन करू नये.

## टप्पा ५: दुसऱ्याच्या संगणकावर

सायबर कॅफे, सेतू केंद्र, महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा कार्यालयातला सामायिक संगणक अशा ठिकाणी वरच्याच पद्धतीने, फोनवरची पासकी वापरून लॉग-इन करता येते आणि ते पासवर्ड टाइप करण्यापेक्षा सुरक्षित असते, कारण त्या संगणकावर कळफलकाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर असले, तरी त्याला टिपण्यासारखे काहीच मिळत नाही.

चूक त्यानंतरच्या क्षणी होते. लॉग-इन होताच तो संगणक पुन्हा विचारू शकतो की या उपकरणावरही पासकी तयार करू का. तिथे ठामपणे नकार द्यावा. होकार दिला, तर पासकी त्या संगणकाच्या साठ्यात राहते आणि आपण लॉग-आउट करून घरी गेलो, तरी ज्याला तो संगणक उघडता येतो त्याला आपले खाते पुन्हा उघडता येऊ शकते. काम झाल्यावर लॉग-आउट करणे इथेही आवश्यक आहे, कारण पासकी फक्त आत येण्याच्या वेळेची राखण करते. उघडे ठेवलेले खाते तिला बंद करता येत नाही.

## टप्पा ६: फोन बदलताना, हरवल्यावर आणि विकताना

नवा फोन घेतल्यावर जुना फोन लगेच पुसू नये. नव्या फोनवर गूगल खाते जोडल्यावर Google Password Manager मधल्या पासकी उघडण्यासाठी जुन्या अँड्रॉइड फोनचा स्क्रीन लॉक किंवा Google Password Manager साठी ठरवलेला पिन मागितला जातो. साठा कूटबद्ध असल्यामुळे खात्याचा पासवर्ड सांगून ही अट टळत नाही. नव्या फोनवरून एक-दोन ठिकाणी प्रत्यक्ष लॉग-इन करून पाहावे आणि त्यानंतरच जुना फोन मोकळा करावा.

फोन हरवल्यावर दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड आणि बॅकअप कोड वापरून खात्यात जावे. Security विभागातल्या उपकरणांच्या यादीतून हरवलेला फोन साइन-आउट करावा आणि मग पासकींच्या यादीतून त्याची नोंद काढावी. आपोआप तयार झालेली पासकी यादीतून थेट काढता येत नाही. ती त्या फोनला साइन-आउट केल्यावर निघून जाते. हे काम त्याच दिवशी करावे. स्क्रीन लॉक भक्कम असेल तर चोराला पासकी वापरता येत नाही, परंतु पिन सोपा असेल तर हाताशी फारसा वेळ नसतो.

पासकी काढून टाकताना ती दोन ठिकाणी नोंदलेली असते हे ध्यानात ठेवावे. फक्त फोनच्या पासवर्ड मॅनेजरमधून काढली, तर कंपनीच्या यादीत तिचे नाव राहते आणि आपली पासकी आहे असा गैरसमज होतो. फक्त कंपनीच्या यादीतून काढली, तर फोन ती पुढे करत राहतो आणि दरवेळी लॉग-इन अयशस्वी होते. आधी लॉग-इनचा दुसरा मार्ग चालतो याची खात्री करावी, मग खात्याच्या यादीतून आणि शेवटी पासवर्ड मॅनेजरमधून नोंद काढावी.

फोन विकताना सेटिंग्जमधून खाते काढावे आणि नंतर फॅक्टरी रीसेट करावे. दुकानदार ‘मी करून देतो’ म्हणाला, तरी त्याच्या हाती स्क्रीन लॉकचा पिन देऊ नये. रीसेट आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण होऊन भाषा निवडण्याचा पहिला पडदा दिसल्यावरच फोन हातावेगळा करावा.